नॉर्मल मीच म्हणाले

आमच्या घरात शिकलेली म्हणावी अशी एकटी मी. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, तोही फर्स्ट क्लास. त्या वर्षी वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणं झाली. तेव्हापासून घरात कुणाला साधी शिंक आली तरी निकाल माझ्याकडून. बाबा म्हणायचे, "तिला विचारा. ती सांगल ते खरं." माणसाला बिघडवायला एवढं पुरतं.

लग्न होऊन मी शहापूरला आले आणि एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवरच्या एका लॅबमध्ये चिकटले. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत किती हातांना सुई टोचली त्याचा हिशेब नाही, पण किती शहाण्यांशी गाठ पडली ते मला चांगलं आठवतं. इथं माणूस रिपोर्ट हातात घेतो आणि आधी एकच बघतो, ठळक अक्षरात काही, म्हणजे हद्दीबाहेरचं, छापलंय का. ठळक काही नसलं की गडी खूश. "काय नाय ना ताई? मंग झालं," म्हणायचं आणि कागद चार घड्या घालून खिशात. डॉक्टरला दाखवायचीसुद्धा गरज नाही. मी मनात म्हणायची, अरे ढोरांनो, छापलेल्या आकड्याच्या पुढे-मागे काही असतं की नाही? मीच म्हणायची हे. लक्षात ठेवा.

माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर. तिथंच स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत बायको आणि चार वर्षांची पोरगी. आई-बाबा गावाला, म्हशाच्या अलीकडे, मुरबाड तालुक्यात. चौतिसाव्या वर्षी कारखान्याच्या तपासणीत त्याची शुगर निघाली. मी म्हटलं, अनुवंश. बाबांना शुगर आहेच. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं. वडील शुगरवाले, स्वतः तिशी ओलांडलेला, झाला टाईप टू. शिक्का मारायला वेळ तो किती लागतो? दोन गोळ्या सकाळी, एक रात्री, साखर बंद, भात कमी. संपली तपासणी.

पण हा गडी वाळत चालला. आधीच काठी, त्यात गोळ्या घेऊन आणखी काठी. वर्षभरात पँट कमरेवर राहीना, म्हणून त्याने पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडून घेतली. सारखं पाणी प्यायचा, सारखा उठायचा. कारखान्यातले लोक म्हणायचे, हा निम्मी ड्यूटी मोरीतच करतो. आणि सल्ला द्यायला तर कुणाची परवानगी लागत नाही. एकाने कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड. आईने कुठून तरी लाकडी पेला पैदा केला. रात्री त्यात पाणी ठेवायचं, सकाळी लालसर झालेलं ते प्यायचं. पी हळद आणि हो गोरी! मी त्या पेल्याला इतकी हसले की आईने तो माळ्यावर टाकला.

हसायचा हक्क मला कुणी दिला होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. कारण माझंही निदान ठरलेलं होतं. हा चोरून गोड खातो. दुसरं काय असणार? गोळ्या चालू आहेत, तरी उपाशी पोटी शुगर अडीचशेच्या खाली येत नाही. म्हणजे तोंडाला आवर नाही. तो शहापूरला माझ्याकडे आला की मी त्याचे खिसे तपासायची. चाळिशी-पंचेचाळिशीची बाई, आणि पोराबाळाच्या बापाचे खिसे तपासते! तो हात वर करून उभा राहायचा. "बघ गो ताई, नीट बघ," म्हणायचा आणि हसायचा. त्या हसण्यालाही मी चोरीची खूण समजले.

मग आली म्हशाची जत्रा. पौषातली थंडी, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, धूळ. आम्ही सगळे गावाला जमलो होतो. बाबा बैलांपाशी रमलेले, आई बांगड्यांपाशी, आणि मी बघते तर हा मिठाईच्या दुकानासमोर उभा, हातात गोडी शेवेचा पुडा. अस्सा राग आला! मी गर्दीतून गेले, त्याच्या हातातून पुडा हिसकावला आणि तिथंच सुरू झाले. "लाज नाही वाटत? पोरगी लहान आहे, मरायचंय का? शुगर तीनशे आणि हा इथं शेव चरतोय! बघा, बघा ह्याच्याकडे!" बघणारे भरपूर होते. गावचे, भावकीतले, दोन तर त्याच्या कारखान्यातले.

"हळू ना ताई," तो म्हणाला. "लोक बघतात."

"बघू देत. लोकांनी बघितल्याशिवाय तुला कळायचं नाही."

वहिनीने मग पोरीला कडेवर घेतलं. पोरीने माझ्या हातातल्या पुड्याकडे बोट करून रडायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की पुडा तिचा होता. मी तो तिला दिला. पण माझं मत काही बदललं नाही. पोरीच्या नावाखाली खात असणार, असं मी आईला सांगितलं.

त्यानंतर महिनाभरात त्याचं आणखी पाच किलो वजन गेलं. तेव्हा मात्र मी त्याला ओढत कल्याणला एका शुगरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई माझ्याहून वयाने लहान, बोलायला तुटक. त्यांनी माझ्या भावाला उभं केलं, पट्ट्याची भोकं बघितली, जुने रिपोर्ट चाळले आणि विचारलं, "ह्यांना टाईप टू आहे, हे कुणी ठरवलं?"

मी म्हटलं, "म्हणजे? वय, अनुवंश..."

"वयावरून टाईप ठरत नाही," त्या म्हणाल्या. "टाईप वन चाळिशीतही सुरू होतो, आणि मोठ्या माणसात हळूहळू येतो, म्हणून सुरुवातीला गोळ्या चालल्यासारख्या वाटतात. हे इतके बारीक, गोळ्यांनी काही होत नाही. शंका घ्यायलाच हवी."

मग त्यांनी भावाला समजेल असं सांगितलं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्या जोडीला सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा सुटतो. जितकं इन्सुलिन तितके तुकडे. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो, त्यामुळे सुई चालू असली तरी सी-पेप्टाइड मोजून स्वतःच्या शरीराचं इन्सुलिन किती उरलंय ते कळतं. दुसरी तपासणी अँटीबॉडीची, जीएडी नावाची. शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलंय का, ते त्यात दिसतं. ती निघाली तर अशा लक्षणांसोबत टाईप वन. नाही निघाली म्हणून टाईप वन नाहीच, असंही म्हणता येत नाही. "दोन्ही रिपोर्ट एकत्र वाचायचे," त्या म्हणाल्या, "आणि तोवर इन्सुलिन सुरू. कुणीही काहीही म्हटलं तरी बंद करायचं नाही."

कुणीही म्हणजे कोण, हे मला झोंबलं. चिठ्ठीवर दोन तपासण्यांच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, सोबत त्याच वेळची शुगर. मी परतीच्या वाटेवर भावाला म्हटलं, "मला शिकवते ही!"

सुई म्हटल्यावर घरात सुतकच. आमच्याकडे इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी. आई म्हणाली, "सुई लागली म्हंजे माणूस गेलाच की गो." भावाची धास्ती वेगळी. कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील, झाडलोटीला लावतील. तो इन्सुलिनचं पेन डब्याच्या पिशवीत भाकरीखाली लपवून न्यायचा आणि मोरीत जाऊन टोचायचा. पण टोचायचा. दहा दिवसांत त्याचं पाणी पिणं निम्म्यावर आलं होतं. हे मला दिसत होतं, आणि तरीही.

रक्त मीच काढलं. तो वाशिंदहून उपाशी पोटी, रात्रीची सुई चुकवून आला. आदल्या रात्री मशीनवाल्यांची पार्टी होती आणि पेन न्यायला लाजला होता. शुगर आमच्याच मशीनवर लावली. तीनशे बारा. रजिस्टरला माझ्या हाताने लिहिली. बाकीच्या दोन तपासण्या आमच्याकडे होत नाहीत. सीरम वेगळं करून बर्फाच्या डब्यात मुंबईच्या लॅबला पाठवलं. सी-पेप्टाइडचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. अँटीबॉडीला आठवडा लागणार होता.

सी-पेप्टाइड एक पूर्णांक दोन. शेजारी छापलेली नॉर्मलची हद्द, एक पूर्णांक एकपासून वर. हद्दीच्या आत. ठळक काही नाही.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "नॉर्मल आहे रे भावड्या! नॉर्मल! तुझं इन्सुलिन तुझं तूच बनवतोयस. मी म्हणत नव्हते? टाईप टूच आहे. त्या बाईला उगाच नवं काहीतरी काढायची हौस."

त्याच्यामागे मशीनचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मग सुई?"

"कशाला सुई? गोळ्या घे आणि तोंड सांभाळ."

"डॉक्टरीणबाईंना विचारू का एकदा?"

"रिपोर्ट माझ्या हातात आहे ना? बावीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

तो इतका हसला, इतका खूश झाला! "ताई, तू हायस म्हणून," म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळपासून त्याने सुई बंद केली.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ह्यालाच म्हणतात. शेजारच्या टेबलावर, वीतभर अंतरावर, माझंच रजिस्टर उघडं होतं आणि त्यात तीनशे बारा. ज्याची शुगर तीनशेच्या वर आहे त्याचं स्वादुपिंड धडधाकट असेल तर ते जीव तोडून इन्सुलिन बनवेल, सी-पेप्टाइड चांगलं वर जाईल. तीनशे बाराला एक पूर्णांक दोन म्हणजे नॉर्मल नव्हे. ना इकडे ना तिकडे, आणि निकाल अँटीबॉडीवर सोपवायचा असा आकडा. छापलेली हद्द निरोगी माणसाची. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते ठीक, पण चिठ्ठीवर त्याच वेळची शुगर मागितली होती ती दोन्ही आकडे शेजारी ठेवायलाच, आणि मी ठेवले नाहीत. ठळक नाही, मग झालं. त्या ढोरांपेक्षा मी वेगळी कुठे होते?

पुढच्या आठवड्यात मी त्याला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. मी म्हटलं, बघा, काम झालं, आता ताई कशाला हवी. अँटीबॉडीच्या रिपोर्टची मला आठवणसुद्धा राहिली नव्हती. माझ्यापुरती केस मिटली होती.

त्यानंतर एका सकाळी, लॅब उघडून झाडून घेत होते तेवढ्यात वहिनीचा फोन. "ताई, ह्यांना कालपासून उलट्या व्हतात. डॉक्टर बोलले ॲसिडिटी, इंजेक्शन दिलं. पण श्वास कसातरी घेतायत. लांब लांब. आन् तोंडाला वास येतोय, पिकल्या फळासारखा."

हा वास काय असतो ते मला पुस्तकातून माहीत होतं. शरीराला इन्सुलिन मिळेनासं झालं की ते चरबी जाळतं आणि रक्त आंबट होतं. झाडू हातातून पडला. मी तिला म्हटलं, रिक्षा कर, गाडी कर, काही कर, कल्याणला त्या बाईंचं हॉस्पिटल गाठ, मी येते. ती पोहोचली तेव्हा त्याला हाक मारली तरी धड ओ देता येत नव्हती. तीन दिवस अतिदक्षता विभागात. एका हातात सलाईन, दुसऱ्यात इन्सुलिन, दर तासाला शुगर. आई बाहेरच्या बाकड्यावर बसून मला एकच विचारत होती, "तूच बोललीस ना गो, नॉर्मल हाय म्हणून?" ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, की तिच्या शिकलेल्या लेकीने सांगितलेलं खोटं कसं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. "अँटीबॉडी कुठे आहे?" मी म्हटलं, "अजून आली नाही." त्यांनी वहिनीकडून भावाचा मोबाईल मागून घेतला. मेसेज सहा दिवसांपूर्वीचा होता. जीएडी, पॉझिटिव्ह, आणि आकडा हद्दीच्या कितीतरी पट. मग मी आमच्या लॅबला फोन करून सांगितलं, आपला मेल बघा. तिथंही होता. सहा दिवस माझ्या कॉम्प्युटरवर, न उघडलेला.

बाईंनी फक्त रजिस्टरचा आकडा विचारला. मी तीनशे बारा सांगितला. त्यांनी तो एक पूर्णांक दोनच्या शेजारी लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी तो उठून बसला. गालात खड्डे, ओठ फुटलेले. मी कॉटवर टेकले आणि विचारलं, "रिपोर्ट आला होता तुला. बोलला का नाहीस?"

तो चादरीचा काठ चुरगाळत राहिला. "पॉझिटिव्ह लिवलं होतं."

"मग?"

"पॉझिटिव्ह म्हंजे... मला वाटलं, तो रोग."

आमच्या गावात पॉझिटिव्ह ह्या शब्दाचे दोनच अर्थ. कोरोना गेला, उरला एक. तो शब्द ज्याच्या नावापुढे लागला त्याच्या घरचं पाणीसुद्धा लोक पीत नाहीत. माझा भाऊ सहा दिवस तो मेसेज खिशात घेऊन फिरला. बायकोच्या ताटात जेवेना, पोरीचा मुका घेईना. कुठून लागला असेल, म्हणून पार लग्नाआधीच्या न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत सगळं आठवून बघितलं. आणि त्याची सख्खी बहीण लॅबमध्ये, एका फोनवर!

"अरे मूर्खा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं, "मला विचारायचंस की! मी सांगितलं असतं, तो पॉझिटिव्ह वेगळा, हा वेगळा. त्याच दिवशी सुई सुरू झाली असती. का नाही विचारलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "शेवेच्या पुड्यासाठी तू जत्रेत एवढी वरडलीस, ताई. मी म्हटलं, ह्यासाठी किती वरडशील?"

मी त्याच्या बोटांतून चादरीचा काठ सोडवला. त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं ते अर्धं माझ्या अज्ञानाने आणि अर्धं माझ्या तोंडाने. अज्ञानाचं एक वेळ समजू शकते.

आता त्याला दिवसातून चार सुया. काही महिन्यांनी सी-पेप्टाइड परत केलं, शेजारी त्याच वेळची शुगर ठेवून. आणखी खाली गेलेलं. म्हणजे स्वादुपिंड हळूहळू हात टेकतंय, हे ठरल्यासारखं झालं. पण पट्ट्याची खिळ्याने पाडलेली भोकं त्याला आता लागत नाहीत. कारखान्यात त्याने स्वतःच सांगितलं. मशीन कुणी काढून घेतलं नाही. माझ्या टेबलावर मी एक कागद चिकटवलाय, सी-पेप्टाइडचा रिपोर्ट शुगरशिवाय द्यायचा नाही. आणि कुणी "काय नाय ना ताई?" म्हटलं की मी हसत नाही. डॉक्टरकडे पाठवते, दारापर्यंत मागे जाऊन.

ह्या वर्षी पुन्हा म्हशाच्या जत्रेला गेलो. बैल बघत बघत बाबांच्या मागे तो बराच चालला आणि जेवायला उशीर झाला. घोंगड्यांच्या दुकानापाशी मला तो दिसला तेव्हा थंडीतही घामाने निथळत होता, हात थरथरत होते आणि पोरीला भलत्याच नावाने हाक मारत होता. सुई घेतलेल्या माणसाची शुगर अशी घसरते. खिशातली ग्लुकोजची पुडी त्याला फोडता येईना आणि त्याच्या थरथरत्या हातातून ती मातीत सांडली. मी समोरच्या दुकानात घुसले, गोडी शेव मूठभर उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. वहिनी उसाचा रस आणायला धावली. लोक जमलेच. त्यात गेल्या वर्षीचे भावकीतले होते.

"ओ, काय करताय?" त्यातला एक म्हणाला. "शुगर हाय ना त्याला? गोड काय भरवताय?"

आणि मी ओरडले. त्याच जागी, त्याच गळ्याने, पाळण्याच्या भोंग्यावर आवाज चढवून ओरडले, "खाऊ दे त्याला! माझ्या भावाला खाऊ दे!"

त्याने शेव गिळली. रसाचा पेला वहिनीने तोंडाला लावला. थोड्या वेळाने डोळे ठिकाणावर आले, त्याने माझी चिकट मूठ आपल्या हातात धरली आणि पुटपुटला, "हळू ना ताई. लोक बघतात."